'तुमचं हार्ट पस्तीस टक्केच चालतंय' असं सांगून लोकांना घाबरवणं बंद करा

(पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाचा टू-डी इकोचा रिपोर्ट पडून असेल तर तो समोर घेऊन वाचा.)

गेल्या रविवारी आपल्या गावात आणखी एक मोफत हृदयतपासणी शिबिर झालं. मांडव, चहा, बिस्किटं, बॅनरवर पंधरा जणांचे हसरे फोटो. एका दिवसात सव्वाशे इको झाले, असं आयोजकांनीच अभिमानानं टाकलंय. सोमवारी सकाळी त्यातले अकरा जण तोच एक पानाचा कागद घेऊन माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसले होते. त्यातल्या एका ताई रात्रभर झोपल्या नव्हत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, माझं हार्ट साठ टक्केच चालतंय म्हणे. चाळीस टक्के गेलं का हो?"

ताई, काही गेलेलं नाही. साठ म्हणजे अगदी ठणठणीत. पण हे वाक्य तिथं मांडवात सांगायला कुणाला अर्धा मिनिट नव्हता.

मी या तालुक्यात बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, स्वतः इको करतो. माझा राग तपासणीवर नाही. इको ही फार चांगली तपासणी आहे. राग आहे तो आकडा हातात टेकवून मोकळं होण्याच्या पद्धतीवर. त्या एका आकड्यानं आपल्याकडं लोक विनाकारण घाबरतात, विनाकारण निर्धास्त होतात, आणि वेळ आली तर जमीनसुद्धा विकायला काढतात. ते कसं, हे सांगतो.

आधी आकडा म्हणजे काय ते बघू. रिपोर्टवर EF किंवा LVEF असं लिहिलेलं असतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्तानं भरतो आणि आकुंचन पावून ते रक्त शरीरात ढकलतो. समजा भरला तेव्हा त्यात १२० मिली रक्त होतं आणि एका ठोक्यात ७० मिली बाहेर गेलं. सत्तर भागिले एकशेवीस, म्हणजे ५८ टक्के. ही झाली ईएफ. उरलेलं ५० मिली आत राहतं आणि ते तिथं राहायलाच हवं. कुणाचंच हृदय प्रत्येक ठोक्याला पूर्ण रिकामं होत नाही. त्यामुळं शंभर टक्के ही परीक्षा नाहीच. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ हे नॉर्मल धरतात. त्याखाली ४१ पर्यंत थोडी कमी, ३० ते ४० मध्यम कमी, आणि ३० च्या खाली खूप कमी.

म्हणजे 'पस्तीस टक्के' याचा अर्थ 'पासष्ट टक्के हृदय मेलं' असा नाही. तुलना करायचीच तर साठाशी करा, शंभराशी नको.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. टेम्पो चालवणारे, वय ५६. दोन महिन्यांपासून जिना चढताना दम लागायचा, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, संध्याकाळी पायाला सूज. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात इको झाला, ईएफ ३५ आली. त्यानंतर अँजिओग्राफी झाली. ईएफ कमी निघाली की कारण शोधण्यासाठी रक्तवाहिन्या बघणं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एका वाहिनीत ७० टक्के अडथळा निघाला. लगेच मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "वडिलांचं हार्ट पस्तीस टक्केच उरलंय. आज स्टेंट टाकला नाही तर गॅरंटी नाही." अंदाज अडीच लाखांचा. रुग्णालय सरकारी योजनेत नाही. मुलानं त्याच संध्याकाळी वीस गुंठ्यांसाठी गिऱ्हाईक शोधायला फोन सुरू केले. त्यातला एक फोन माझ्या ओळखीच्या माणसाला गेला, म्हणून ते कागद माझ्यापर्यंत आले.

कागदात काय होतं बघा. डावा कप्पा भरलेला असताना २०० मिलीचा झाला होता, म्हणजे चांगलाच फुगला होता. त्यातून एका ठोक्यात ७० मिली बाहेर जात होतं. ७० भागिले २००, पस्तीस टक्के. आता वरचं उदाहरण परत वाचा. धडधाकट हृदयातून पण ७० मिलीच जात होतं! म्हणजे आरामात बसलेले असताना या माणसाच्या शरीराला रक्त कमी मिळत नव्हतं. हृदयाचा स्नायू कमजोर झाला, म्हणून कप्पा ताणून मोठा झाला आणि तेवढंच रक्त कसंबसं ढकलत राहिला. याची किंमत म्हणजे आतला वाढलेला दाब. तो मागं फुप्फुसात जातो, म्हणून दम लागतो. म्हणून ईएफ ३५ असलेला एखादा माणूस शेतात काम करत असतो आणि दुसरा खाटेवरून उठू शकत नाही. नुसत्या आकड्यावरून माणूस कळत नाही.

दुसरी गोष्ट. त्यांच्या हृदयाच्या सगळ्याच भिंती सारख्या मंद हलत होत्या. एका वाहिनीतल्या अडथळ्यानं नुकसान झालं असतं तर त्या वाहिनीच्या हद्दीतली भिंत हलायची थांबली असती, बाकीच्या बऱ्या असत्या. सगळीकडं सारखी कमजोरी असेल तर कारण बहुधा स्नायूतच असतं. यांच्या बाबतीत वीस वर्षांची रोजची दारू आणि कधीच न तपासलेलं ब्लड प्रेशर ही दोन ठळक कारणं होती. त्या एका वाहिनीत स्टेंट टाकून सगळं हृदय सुधारलं असतं असं मानायला काही आधार नव्हता.

इथं काही जण म्हणतील, डॉक्टर, तुम्ही खेड्यात बसून मोठ्या डॉक्टरांना शिकवताय. मी शिकवत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधला 'रिव्हाइव्ह्ड' नावाचा अभ्यास जाहीर झाला. ईएफ ३५ किंवा त्याखाली आणि रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे असलेले ७०० रुग्ण. हे सगळे टेम्पोवाल्या काकांपेक्षा जास्त अडथळे असलेले. निम्म्यांना नीट औषधं, निम्म्यांना औषधं अधिक अँजिओप्लास्टी. तीन-साडेतीन वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं या दोन्हींची बेरीज एका गटात शंभरात ३७ आणि दुसऱ्यात ३८. फरक नाही. अँजिओप्लास्टीनं ईएफसुद्धा औषधांपेक्षा जास्त वाढली नाही.

याचा उलटा अर्थ काढू नका. छातीत कळ येऊन हार्ट अटॅक आला असेल, तर त्या तासांत अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथं एक मिनिट घालवू नका, माझी पोस्ट वाचत बसू नका, दवाखाना गाठा. काही रुग्णांना बायपासचा फायदा होतो, तेही खरं आहे. पण 'ईएफ कमी, म्हणून आजच स्टेंट' हे वाक्य दम लागतोय म्हणून चालत आलेल्या माणसाला सांगणं हे विज्ञान नाही.

मग टेम्पोवाल्या काकांचं काय झालं? त्यांना चार औषधं सुरू केली. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन. ईएफ ४० किंवा त्याखाली असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये हे चार गट आयुष्य वाढवतात आणि दाखल व्हायची वेळ कमी करतात, हे जगभरातल्या मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. सूज उतरेपर्यंत लघवीची गोळी वेगळी. सगळं अगदी लहान डोसनं सुरू करायचं, दर दोन आठवड्यांनी बोलवायचं, ब्लड प्रेशर बघायचं, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायचं आणि झेपेल तसा डोस वाढवायचा. हे घरी बसून, शेजाऱ्याच्या गोळ्या बघून करायचं काम नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडून जीवावर बेततं. दारू बंद. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणून ते ज्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या खायचे त्याही बंद, कारण त्या अंगात पाणी धरून ठेवतात आणि हार्ट फेल्युअर बिघडवतात. रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा.

चार महिन्यांनी त्याच पद्धतीनं इको केला. कप्पा २०० वरून १५० मिलीवर आला होता. बाहेर जात होतं ६९ मिली. ईएफ ४६. दम नाही, सूज नाही, टेम्पो सुरू. वीस गुंठे शाबूत.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. सहा-सात महिन्यांनी ईएफ ५२ आली आणि रिपोर्टवर कुणीतरी 'नॉर्मल' लिहून दिलं. काकांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. नॉर्मल झालं तर गोळ्या कशाला? त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं. चार महिन्यांत परत दम, ईएफ ३८. परत सगळं पहिल्यापासून.

सुधारलेली ईएफ म्हणजे बरा झालेला स्नायू नव्हे, औषधांनी सावरून धरलेला स्नायू. लंडनमध्ये यावरच एक छोटा पण फार मोलाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये जाहीर झाला. ईएफ पूर्ण सुधारलेल्या ५१ जणांपैकी २५ जणांची औषधं हळूहळू बंद केली आणि २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत बंद केलेल्यांपैकी ११ जणांचा आजार परतला. चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. म्हणून पूर्वी कमी असलेली ईएफ सुधारली, तर रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहू नये, 'सुधारलेली' असं लिहावं. एका शब्दानं काकांचे चार महिने वाचले असते.

आता मांडवातल्या सव्वाशे इकोंकडं परत येतो. हा आकडा काढतात कसा, हे लोकांना माहीतच नाही, म्हणून त्यावर आंधळा विश्वास बसतो. एक पद्धत म्हणजे नजरेनं अंदाज. अनुभवी माणसाचा अंदाज बरा असतो, पण तो अंदाजच. दुसरी, एम-मोड: कप्प्याच्या एकाच जागेवरून एक रेघ मारायची, भरलेला आणि आकुंचन पावलेला असे दोन व्यास मोजायचे, बाकी हिशेब मशीन करतं. ही झटपट होते म्हणून शिबिरात हीच चालते. तिचा दोष बघा. भरलेला व्यास ५० मिलिमीटर आणि आकुंचनाचा ३५ असेल तर मशीन ईएफ ५७ दाखवतं. तोच दुसरा व्यास घाईत ३८ मोजला तर ४८. तीन मिलिमीटरची चूक, आणि धडधाकट माणूस एका मिनिटात हृदयरोगी! शिवाय ती एकच रेघ हृदयाच्या वरच्या भागातून जाते. अटॅकनं हृदयाचं टोक मेलेलं असेल तर या रेघेला ते दिसतच नाही आणि रिपोर्टवर ६० येते.

तिसरी पद्धत सिम्पसनची. दोन वेगवेगळ्या बाजूंनी कप्प्याची आतली कड आखायची, मशीन त्याच्या वीस चकत्या करून घनफळ काढतं. वेळ लागतो, चित्र स्वच्छ लागतं, पण कप्प्याचा आकार बिघडला असेल तेव्हा तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. एवढं करूनही त्याच माणसाचा इको दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं केला तर पाचेक टक्के इकडं-तिकडं होणारच. त्यामुळं मागच्या वेळी ५५ होती आणि आता ५१ आली म्हणून रडत येऊ नका. चारची घट ही घट नसते, मोजमापातला फरक असू शकतो. दहाची घट झाली आणि पद्धत तीच असेल, तर मात्र बसून बोलायला हवं.

आणि ज्यांना ६० सांगून घरी पाठवलं त्यांचं काय? त्या अकरा जणांत एक मावशी होत्या. वय ६७, वीस वर्षांचं ब्लड प्रेशर, डायबेटिस, वजन जास्त. चालताना दम लागतो, पाय सुजतात. ईएफ ६२. मांडवात सांगितलं, "हार्ट एकदम ओके, गॅस असेल." त्यांच्या हृदयाची ढकलण्याची ताकद शाबूत आहे, पण भिंती जाड आणि ताठ झाल्यात. कप्पा नीट सैल पडत नाही, म्हणून भरताना दाब वाढतो आणि तो फुप्फुसात जातो. हे पण हार्ट फेल्युअरच. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांची ईएफ ५० किंवा त्याहून जास्त असते. ते ओळखायला भिंतींची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, भरतानाचा दाब हे सगळं मोजावं लागतं आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी मदत करते. मावशींचा वरचा कप्पा मोठा होता. कागदावर तो रकाना रिकामा होता. ईएफ नॉर्मल आहे, एवढ्यावरून हृदय नॉर्मल आहे असं कुणीही सांगू नये.

काही डॉक्टर मित्र म्हणतील, शिबिर न होण्यापेक्षा झालेलं बरं, एखादा तरी सापडतो. मान्य. मग सापडलेल्याचं पुढं काय केलं ते सांगा. गेल्या वर्षीच्या शिबिरात ईएफ ४० च्या खाली निघालेले किती होते? त्यांची यादी कुणाकडं आहे? मी दोन आयोजकांना विचारलं. दोघांकडंही नाही. फोटो मात्र सगळे आहेत.

आणि यात सरकारचाही वाटा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. स्टेंटचा खर्च तिथं बसतो. रोजच्या गोळ्या, ज्यांच्यावर कमी ईएफचा माणूस खरोखर जगतो, त्या त्याला दर महिन्याला स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात. यातल्या बऱ्याच आता जेनेरिकमध्ये मिळतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आता संपलंय. स्पायरोनोलॅक्टोन आणि मेटोप्रोलॉल तर जुनीच औषधं. तरीही आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर माझे पेशंट गेले तर चारपैकी एखादं मिळतं, बाकीचं 'बाहेरून घ्या'. मग माणूस महिना-दोन महिने घेतो आणि सोडतो. काही महिन्यांनी पाय सुजून, धापा टाकत परत दाखल होतो. त्या दाखल होण्याला पैसे आहेत, गोळीला नाहीत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, अगदी सरळ.

एक, इकोच्या प्रत्येक रिपोर्टवर ईएफ कुठल्या पद्धतीनं काढली ते लिहा आणि खाली मराठीत दोन ओळी लिहा: नॉर्मल किती, तुमची किती, पुढं काय करायचं. सव्वाशे जमत नसतील तर चाळीस करा, पण नीट करा.

दोन, जो शिबिर घेईल त्यानं ईएफ ४० च्या खाली निघालेल्या प्रत्येकाचं पुढचं तीन महिन्यांचं फॉलोअप बघायचं. जमत नसेल तर यादी ग्रामीण रुग्णालयाला लेखी द्यायची.

तीन, ही चारही औषधं ग्रामीण रुग्णालयात कायम मिळाली पाहिजेत. बॅनरवरच्या पंधरांपैकी तिघे तरी असे आहेत, ज्यांचा एक फोन तिथं ऐकला जातो. त्यांनी तो करावा.

आणि तुमच्यासाठी एवढंच. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. आकडा कुठल्या पद्धतीनं काढला? मागच्या वेळी किती होता? कमी असेल तर कारण काय? त्या कारणावर औषधानं काय होईल आणि ऑपरेशननं काय होईल? उत्तर द्यायला वेळ नाही असं कुणी म्हणालं आणि सहीसाठी मात्र घाई केली, तर छातीत कळ नसेल, माणूस नीट बोलत-चालत असेल, तर कागद घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तो तुमचा हक्क आहे.

मावशींना मी गोळ्या सुरू केल्यात. ताईंना घरी जाऊन झोपा म्हणून सांगितलंय. शिबिराच्या आयोजकांनी कमेंटमध्ये उत्तर द्यावं, मी वाट बघतोय. शिवीगाळ करणाऱ्यांना ब्लॉक करेन, प्रश्न विचारणाऱ्यांना वेळ काढून उत्तर देईन.